नस

मी खर्रा सोडला तेव्हा माझ्या तोंडात दोनच बोटं जात होती. ही गोष्ट लिहिताना मला आजही किळस येते, आणि ती कुणा दुसऱ्याची नाही, माझीच येते.

आरमोरीच्या एका सरकारी कार्यालयात मी लिपिक आहे. आमच्याकडे खर्रा म्हणजे काय ते सांगायची गरज पडत नाही, पण बाहेरचा कुणी हे वाचत असेल तर सांगते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचं आणि ती पन्नी फळीवर घासघासून घोटायची. घोटताना तंबाखूचा रस सुपारीत मुरतो. मग त्या पन्नीला गाठ मारून ती खिशात, पर्समध्ये, कपाटातल्या फायलींच्या मागे. पुरुष उघड खातात, बाया लपून खातात, एवढाच फरक. आमच्या कार्यालयात जिन्याच्या प्रत्येक वळणावर भिंत कमरेपर्यंत लाल आहे. 'तंबाखूमुक्त कार्यालय' असा फलक त्या जिन्याच्या तोंडाशीच लावलाय. त्याचं पत्र मीच टाईप केलं होतं, गालात खर्रा धरून.

आणि एकीची पन्नी ही एकीची नसते. शिपाई, आवक-जावकची बाई, मी, दौऱ्यावरून आलेले ग्रामसेवक, सगळ्यांची बोटं त्याच पन्नीत. ज्या बोटांनी माणूस नाक पुसतो, मोटारसायकलची चेन बसवतो, ती बोटं. आज हे आठवलं की चूळ भरावीशी वाटते. तेव्हा मात्र कुणी पन्नी पुढे केली नाही तर मला राग यायचा की मला विचारलं का नाही.

तोंडाचं मला जेवताना कळलं. आधी तिखट लागायला लागलं. साधं वरण तोंडात घेतलं तरी गालात आग. मग भाकरीचा घास लहान करावा लागला. मग एक दिवस लग्नात गुलाबजाम आला आणि तो माझ्या तोंडात जाईना. मी तो चमच्याने कापून खाल्ला आणि शेजारच्या बाईला सांगितलं की मला गोड जास्त चालत नाही.

दवाखान्यात दातांच्या डॉक्टर म्हणजे नुकतीच शिकून आलेली मुलगी होती. तिने मला बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. माणसाची तीन जातात, माझी दोन गेली. तिने आरशाने गाल बघितला आणि डाव्या गालाच्या आत पांढरा डाग आहे म्हणाली. सुपारीने गालाचं कातडं आतून आवळत चाललंय, जे आवळलं ते पूर्ववत होईलच असं नाही, पण खाणं थांबवलं तर पुढे जाणं थांबेल. डाग मात्र वेगळा. "आता काहीही खाऊ नका मॅडम. महिन्याभराने परत या. डाग तसाच असला तर त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल." कॅन्सर हा शब्द तिने उच्चारला नाही. मीच बसस्टँडपर्यंत चालताना तो मनात चाळीस वेळा उच्चारला.

पर्समधली पन्नी मी बसस्टँडच्या नालीत फेकली. तिथे आधीच शंभर पन्न्या पडल्या होत्या.

पहिला दिवस चिडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून डोकं धरलं. दुखणं कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं, मागे मानेपर्यंत. प्रकाश नको, आवाज नको, शिपायाचं चपला घासत चालणं नको. मी एका साध्या अर्जावर तीन वेळा चुकीचा जावक क्रमांक टाकला. चहा प्यायला की खर्रा आठवतो म्हणून मी चहाही त्याच दिवशी सोडला होता. माझ्या शहाणपणाला तोड नव्हती. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकून घरी पडून राहिले आणि घरात फोडणीचा वास आला तरी ओकारी येत होती.

घरात मी आणि आई. नवरा बल्लारपूरला कामाला आहे, दर शनिवारी येतो. आई सत्तरीची आहे, जंगलाकाठच्या गावातली, आयुष्यभर तेंदूपत्ता आणि मोहफूल वेचलेली. तिने माझं कपाळ ओल्या फडक्याने बांधलं आणि बाजूला बसली.

"डोक्याची नस चढली तुही," ती म्हणाली. "थोडीशी नस लावून पाह्य. लगेच उतरते."

आमच्याकडे नस म्हणजे शीर, आणि नस म्हणजे ती काळी भुकटी, जिने बाया सकाळी दात घासतात. आई लहानपणापासून घासते. तिची आई घासायची. डबी मोरीच्या कोनाड्यात असते, साबणाच्या शेजारी. मीही कधीमधी घासत असे, ब्रश सापडला नाही की. त्या दिवशी मी उठले, बोटावर चिमूटभर नस घेतली आणि हिरड्यांना चोळली. पाव तासात डोकं उतरलं. खरंच उतरलं. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हटलं की डॉक्टरांना काही कळत नाही, तुलाच सगळं कळतं.

त्यानंतर मी रोज सकाळी नस घासायला लागले. तोंडात सुपारी नाही, थुंकणं नाही, पन्नी नाही. खर्रा सुटला होता. कार्यालयात मी सर्वांना तोंडावर सांगायला लागले की तुम्ही घाण खाता. आवक-जावकच्या बाईने पन्नी पुढे केली तेव्हा मी तिच्या बोटांकडे बघून तोंड वाकडं केलं. मला माझा अभिमान वाटत होता, आणि अभिमान आला की मी फार बोलते.

पण डोकेदुखी जाईना. सकाळी डोळे उघडायच्या आधी डोकं ठणकायचं. मी उठायची, तोंड धुवायची, दात घासायची आणि बरं वाटायचं. मला वाटायचं, थंड पाण्याने बरं वाटतं. दुपारी दोन-अडीचला पुन्हा सुरू. संध्याकाळी घरी आल्यावर आई म्हणायची, "तोंड घाशून घे, हलकं वाटन." मी घासायची आणि हलकं वाटायचं. एक आठवडा झाला, दोन झाले, तीन झाले. कार्यालयातला शिपाई मला रोज विचारायचा, "मॅडम, अजून दुखूनच राह्यलं का?" तो पन्नासाव्या वर्षी तिसऱ्यांदा खर्रा सोडून चौथ्यांदा खाणारा माणूस. तो म्हणाला, "तुमच्या रक्तातच उतरला आहे तो. काऊन जिवाले त्रास देता? एक चिमूट खा, दुखणं बंद."

आणि मला ते पटायला लागलं होतं. हे मी मान्य करते. चौथ्या आठवड्यात मी असा हिशेब करत होते की डोक्यात गाठ झाली असेल तर तोंड वाचवून तरी काय उपयोग. एका दुपारी मी त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. पन्नी उघडी होती. चुन्याचा आणि ओल्या सुपारीचा तो आंबूस वास नाकात गेला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, कुत्र्याला सुटतं तसं. त्या पाण्याची मला इतकी घाण वाटली की मी बाथरूममध्ये जाऊन चूळ भरली आणि परत जागेवर बसले. खाल्ला नाही. पण दुसऱ्या दिवशी खाल्ला असता, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याची तारीख होती. तेवढ्याने वाचले.

डॉक्टर मुलीने गाल उलटा करून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग हातमोजे काढत म्हणाली, "मॅडम, डाग तसाच आहे. तुम्ही खाताय ना अजून?"

मला संताप आला. महिनाभर डोकं फुटत होतं, मी कणभर खर्रा तोंडात घातला नव्हता आणि ही कालची पोरगी मला खोटारडी ठरवत होती. मी देवाची शपथ घेतली, आईची घेतली. ती म्हणाली, ठीक आहे, तुकडा तपासायला पाठवण्याचं ठरवू, पण आधी शेजारच्या खोलीत समुपदेशक बसतात, त्यांना भेटून या.

समुपदेशक म्हणजे माझ्याच वयाचा एक माणूस. त्याचे पुढचे दात मुळाशी तपकिरी होते. मी ते बघते आहे हे त्याच्या लक्षात आलं. "अठरा वर्षं खाल्ला बाई," तो म्हणाला. "दात साफ होत नाई आता. बसा."

मी त्याला चिडून सगळं सांगितलं. खर्रा सोडला, डोकं दुखतं, महिना होत आला, डाग जात नाही, आणि वर ती मला खोटं पाडते. तो कागदावर काहीतरी लिहीत होता. त्याने विचारलं, दुखणं कधी सुरू होतं? सकाळी उठल्यावर. कशाने थांबतं? तोंड धुतलं की. पुन्हा कधी? दुपारी. मग? घरी येऊन तोंड धुतलं की. त्याने लिहिणं थांबवलं.

"तोंड धुता म्हणजे कशानं? दात कशानं घासता?"

"नसनं," मी म्हटलं.

मग त्याने पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, नस म्हणजे तंबाखूच. भाजून केलेली भुकटी आहे ती."

खोटं वाटेल, पण हे मला माहीत होतं. नस कशाची करतात हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. फक्त ते माहीत असणं आणि तंबाखू खाणं या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी भेटल्याच नव्हत्या. मला विचारलं होतं, खाता का? मी खात नव्हते. नस कुणी खात नाही, नस घासतात. खाणं हे वाईट आणि घासणं हे स्वच्छ. डॉक्टरने चुकीचं विचारलं नव्हतं आणि मी खोटं सांगितलं नव्हतं, आणि त्या एका क्रियापदाच्या आडोशाने मी महिनाभर दिवसातून दोनदा हिरड्यांना तंबाखू चोळत होते. आणि दुसऱ्यांच्या बोटांकडे बघून तोंड वाकडं करत होते.

मग त्याने मला डोकेदुखीचं समजावलं. तंबाखूतलं निकोटीन रक्तात गेलं की नसा आवळतात. वर्षानुवर्षं रोज मिळालं की मेंदू त्याच्यावरच आपला कारभार बसवून घेतो, त्याच्यासाठी जागा करून ठेवतो. ते बंद झालं की आवळलेल्या नसा सैल होतात, रक्ताचा ओघ बदलतो, मेंदूतल्या त्या जागा रिकाम्या राहून ओरडायला लागतात. झोप मोडते, मान आखडते, चिडचिड होते, आणि या सगळ्यातून डोकं दुखतं. "एकच कारण असं कोणी बोट ठेवून सांगत नाई," तो म्हणाला, "पण दिवस ठरलेले आहेत. सोडल्यापासून दिवसभरात सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, मग उतरते. बहुतेकांचं आठ-पंधरा दिवसांत जाते. काहींना तीन-चार आठवडे थोडं थोडं राह्यते."

"माझं का नाही गेलं मग?"

"कारण तुम्ही सोडलंच नाई. निकोटीन दोन-चार तासांत रक्तातून उतरत जाते. रात्रभर मिळालं नाई म्हणून सकाळी डोकं दुखत होतं. तुम्ही नस लावली, मेंदूला मिळालं, दुखणं थांबलं. दुपारी पुन्हा उतरलं. तुम्ही महिनाभर रोज दोनदा सोडलं आणि रोज दोनदा सुरू केलं. तुमचा तिसरा दिवस पुरा झालाच नाई."

त्याने चहाबद्दलही विचारलं. मी अभिमानाने सांगितलं की सोडलाय. तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, चहा एकदम सोडला की त्यानेही डोकं धरतं, सुरुवातीच्या दिवसांत तेही असणार. प्या दोन कप. दुखलंच फार तर साधी गोळी घ्या, पण रोजची सवय करू नका. पाणी प्या. निकोटीनचं च्युइंगम मिळतं, पण तोंड असं असताना ते नको, लागलंच तर दंडावर लावायची पट्टी बघू. मला पट्टी नको होती. मला त्या क्षणी फक्त चूळ भरायची होती.

डॉक्टर मुलीने सगळं ऐकून अजून दोन आठवडे दिले. तोपर्यंत डाग कमी झाला नाही तर तुकडा काढायचाच, असं ठरलं.

घरी येऊन मी कोनाड्यातली डबी उघडली आणि नीट वास घेतला. इतकी वर्षं तो मला आईचा वास वाटत होता. तो पानठेल्याचा वास होता, जळका. मी आईला सांगितलं की ही डबी माझ्या नजरेसमोर नको. ती रागावली. "आमी काय येडे होतो का? साऱ्या गावाचे दात यानंच घासले." तिचे स्वतःचे खाली दोन दात उरलेत, हे मी बोलले नाही. तिने डबी लुगड्याच्या ओच्यात ठेवली.

खरा पहिला दिवस मग सुरू झाला. तिसरा दिवस वाईट होता, आधीपेक्षा वाईट. पण या वेळी मला माहीत होतं की हा तिसरा आहे. चौथ्या दिवशी कपाळावरचा पट्टा एक भोक सैल झाला. सातव्या दिवशी सकाळी मी उठले, चूल लावली, पाणी तापवलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की डोकं दुखत नाही. अकराव्या दिवसानंतर ते परत आलं नाही. चौदाव्या दिवशी डॉक्टरने गाल बघितला आणि डाग फिका झालाय, अर्ध्यावर आलाय म्हणाली. तुकडा काढायचं तिने लांबवलं, दर महिन्याला दाखवायला सांगितलं. तोंडात अजून दोनच बोटं जातात. ती बहुधा दोनच राहतील.

हे सगळं मी घरी येऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने ओच्यातली डबी काढून माझ्यापुढे ठेवली. "तुह्या तोंडाले जे झालं ते याच्यानं वाढत असन तर मले बी नको," ती म्हणाली. "मी बी सोडतो."

सत्तर वर्षांच्या बाईचा तिसरा दिवस मी रजा काढून पाहिला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, कपाळाला तेच फडकं. तिला चहा दिला, गोळी दिली, डोकं दाबत बसले. तिला बोलत ठेवलं की बरं वाटतं म्हणून मी म्हटलं, जुनं काही सांग.

"तू लई रडकी होतीस," ती म्हणाली. "पाच-सहा महिन्यांची असशीन. मले तेंदूपत्त्यावर जा लागे जंगलात, तुले झाडाखाली झोपवावं लागे. सकाळी उठली का रडणं सुरू. डोळे बी उघडत नव्हती, नुसती रडत होतीस. मंग तुह्या हिरडीले बोटानं थोडीशी नस लावली का गप. पाव घंट्यात निजत होतीस. दुपारी पुन्हा उठून रडत होतीस, पुन्हा लावली का पुन्हा गप. साऱ्याच बाया लावत होत्या. मी तं म्हणत होतो, हिले नस मानवते..."

बोलता बोलता ती थांबली. माझा हात तिच्या कपाळावर होता आणि तोही थांबला होता. सकाळी, पाव तास, दुपारी. समुपदेशकाला मी सांगितलं होतं तेच ती मला सांगत होती, शब्दाला शब्द. मला वाटत आलं होतं की माझी घाण मी कॉलेजात असताना स्वतःच्या हाताने तोंडात घातली. मला तिची किळस आली, माझ्या आईची, तिच्या त्या बोटाची, आणि त्याच वेळी झाडाखाली पडलेल्या त्या पोरीची कीवही आली. तिचं डोकं दुखत होतं. तिला सांगता येत नव्हतं.

आई माझ्याकडे वळली नाही. भिंतीकडे बघतच तिने विचारलं, "तवा बी तुहं डोकंच दुखत होतं का वं?"

मी तिचं कपाळ पुन्हा दाबायला लागले. "आज तिसरा दिवस आहे आई," मी म्हटलं. "उद्यापासून कमी होईल."